हेल्मेटच्या पानावर काय लिहावं

‘आयएसआय मार्क, डॉट सर्टिफाइड, अनब्रेकेबल, फ्री साइज, १०० टक्के सेफ.’ ऑनलाइन हेल्मेट शोधायला बसलं की अशी एखादी ओळ हमखास भेटते. तिच्यात पाच दावे आहेत आणि घेणाऱ्याला त्यातला एकही घरबसल्या तपासता येत नाही. दुकानात गेलेला माणूस हेल्मेट हातात घेतो, आतबाहेर बघतो, डोक्यात घालून पाहतो. मोबाइलवर बघणाऱ्यापुढे फक्त फोटो आणि शब्द असतात. त्या शब्दांवर विसंबून तो आपलं किंवा आपल्या मुलीचं डोकं त्या हेल्मेटच्या हवाली करणार असतो.

अशा ओळी लिहिणारे सगळेच दुकानदार फसवायला बसलेले नसतात. बहुतेकांनी ती ओळ दुसऱ्या विक्रेत्याच्या पानावरून उचललेली असते आणि त्यानेही ती तिसऱ्याकडून. खरा आयएसआय माल असलेला दुकानदारही तीच ओळ लिहितो आणि बनावट माल विकणाराही तीच. मग घेणाऱ्याने दोघांत फरक करायचा कसा? खरा माल असलेल्याने फरक दिसेल असं लिहायला हवं. ते कसं, हे एकाच हेल्मेटवरून पाहू.

समजा, पुण्यात नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या एकाला आपल्याकडचं फुल फेस हेल्मेट ऑनलाइन विकायचं आहे. त्याने सगळ्यात आधी हेल्मेट उलटं करून मागची बाजू उजेडात धरावी. तिथे आयएसआयचं चिन्ह असतं. ते नुसतं चित्र नाही, तीन ओळींचा मजकूर आहे आणि तो वरून खाली वाचायचा असतो. सगळ्यात वर मानकाचा क्रमांक, IS 4151. मध्ये ओळखीचं आयएसआयचं चिन्ह. खाली CM/L आणि त्यापुढे एक आकडा, जुना असेल तर सात आकडी आणि अलीकडचा असेल तर दहा आकडी. आपल्या लिस्टिंगमधला सगळ्यात मोलाचा मजकूर हा आहे आणि नेमका हाच बहुतेक पानांवर नसतो.

वरचा क्रमांक आधी घेऊ. आयएस ४१५१ हे दुचाकीस्वारांच्या हेल्मेटचं भारतीय मानक, त्याची सुधारित आवृत्ती २०१५ची. आदळल्यावर धक्का किती शोषला जातो, टोकदार वस्तू आत शिरते का, हनुवटीखालचा पट्टा ताण सोसतो का, अशा चाचण्या त्यात आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक खात्याने २०२०च्या नोव्हेंबरात गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ जून २०२१पासून या मानकाचं आणि आयएसआय चिन्हाचं बंधन दुचाकीच्या हेल्मेटला लागू झालं. तेव्हापासून आयएसआय असणं ही जादा सोय राहिलेली नाही. ते नसलेलं दुचाकीचं हेल्मेट देशात विकणंच बेकायदा आहे.

पण आयएसआयचं चिन्ह एकट्या हेल्मेटवर नसतं, ते सिमेंटच्या पोत्यावरही असतं. बांधकामावर घालायच्या पिवळ्या हेल्मेटलाही खरंखुरं आयएसआय चिन्ह असतं, मात्र त्याच्या डोक्यावरचा क्रमांक असतो आयएस २९२५. ते कारखान्यातल्या आणि बांधकामावरच्या सुरक्षा हेल्मेटचं मानक आहे. वरून विटेचा तुकडा पडला तर डोकं वाचावं, यासाठी ते बनवलेलं असतं. गाडीवरून आडवं फेकलं जाऊन डोकं डांबरावर आदळणं ही वेगळीच गोष्ट आहे. तरीही असली हेल्मेटं घालून गाडी चालवणारे आपल्याला रोज दिसतात. विकणाऱ्याने विचारल्यावर ‘आयएसआय आहे की’ असं सांगितलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. म्हणून लिस्टिंगमध्ये ‘आयएसआय मार्क’ एवढ्यावर थांबू नये. ‘आयएस ४१५१ : २०१५नुसार आयएसआय चिन्हांकित, दुचाकीस्वारांसाठी’ असं पूर्ण वाक्य लिहावं.

आता खालचा आकडा. CM/L पुढचा हा क्रमांक म्हणजे ते चिन्ह वापरण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने उत्पादकाला दिलेला परवाना. इथे दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात, कारण लिहिणाऱ्यांची गफलत इथेच होते. पहिली म्हणजे परवाना कारखान्याला असतो. एकाच कंपनीचे दोन ठिकाणी कारखाने असतील तर दोन परवाने, दोन क्रमांक. त्यामुळे आज दुकानात आलेल्या खोक्यावरचा क्रमांक आणि सहा महिन्यांनी येणाऱ्या खोक्यावरचा क्रमांक वेगळा असू शकतो. दुसरी म्हणजे परवान्याला मुदत असते. तो नूतनीकरण करत राहावा लागतो आणि गुणवत्ता ढासळली तर रद्दही होतो.

ही दुसरी गोष्ट कागदावरची वाटेल, पण २०२५च्या जुलैत केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने विनाआयएसआय हेल्मेटविरुद्ध देशभर मोहीम जाहीर केली तेव्हा जी माहिती दिली ती वाचण्यासारखी आहे. दिल्लीत नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांहून जास्त हेल्मेटं जप्त झाली होती आणि या उत्पादकांचे परवाने मुदत संपलेले किंवा रद्द झालेले होते. म्हणजे परवाना जिवंत नव्हता. नुसतं चिन्ह बघून घेणाऱ्याला असं काही कळण्याचा मार्ग नसतो.

मार्ग आहे तो मोबाइलमध्ये. मानक ब्युरोचं BIS Care नावाचं अॅप फुकट मिळतं. त्यात Verify Licence Details असं बटण आहे. तिथे CM/L पुढचा आकडा टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे, कुठल्या मानकासाठी आहे आणि सध्या चालू आहे का, हे समोर येतं. सोनं घेताना हॉलमार्कचा क्रमांक याच अॅपवर तपासणारे लोक आता बरेच आहेत. हेल्मेटचा क्रमांकही तिथेच तपासता येतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. ते लिस्टिंगने सांगावं.

आपल्या दुकानदाराने स्वतः आधी ही तपासणी करावी आणि मगच पानावर लिहायला घ्यावं. क्रमांक टाकल्यावर तीन गोष्टी जुळायला हव्यात. नाव हेल्मेटवरच्या उत्पादकाचंच हवं, मानक ४१५१ हवं आणि परवाना चालू हवा. बनावट मालाची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे एखाद्या नावाजलेल्या कंपनीचा खरा क्रमांक उचलून आपल्या हेल्मेटवर छापणं. असा क्रमांक अॅपमध्ये व्यवस्थित सापडतो, चालूही दिसतो, पण नाव दुसऱ्याच कंपनीचं येतं. क्रमांक सापडला म्हणून समाधान मानणारा तिथेच फसतो.

यातून लिहिणाऱ्यासाठी एक बारीक पण महत्त्वाची सूचना निघते. अॅपमध्ये ब्रँडचं नाव ठळक दिसेलच असं नाही, परवाना उत्पादक कंपनीच्या नावावर असतो. बरीच हेल्मेटं एका ब्रँडच्या नावाने विकली जातात आणि बनवते मात्र दुसरीच कंपनी. मालात काही खोट नसते, पण गिऱ्हाईक तपासायला गेलं की त्याला अनोळखी नाव दिसतं आणि तो घाबरून ऑर्डर रद्द करतो. म्हणून पानावर दोन्ही नावं द्यावीत, ब्रँड कुठला आणि उत्पादक कोण, शिवाय परवाना कुणाच्या नावावर आहे हेही. वेष्टनात मिळणाऱ्या मालाच्या विक्रीपानावर उत्पादकाचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश आणि ग्राहक संपर्क देणं वैधमापनशास्त्राच्या नियमांनी तसंही बंधनकारक आहे. हे सगळं लिहायचंच आहे तर परवान्याच्या शेजारी लिहावं, म्हणजे ताळा घेणं सोपं होतं.

आता शब्दांची निवड. ‘बीआयएस अप्रूव्हड’ किंवा ‘सरकारमान्य मॉडेल’ असं लिहू नये. ब्युरोने उत्पादकाला चिन्ह वापरायचा परवाना दिलेला असतो, आपल्या दुकानातल्या त्या एका नगाला कुणी पाठ थोपटून मान्यता दिलेली नसते. ‘आयएसआय क्वालिटी’, ‘आयएसआय टाइप’, ‘आयएसआय ग्रेड’ हे शब्द तर वाचणाऱ्याने धोक्याची खूण समजावेत. ज्याच्याकडे चिन्ह असतं तो चिन्ह आहे असंच लिहितो. ‘लॅब टेस्टेड’ लिहायचं असेल तर कुठल्या मानकानुसार, हे सांगता आलं पाहिजे. नाही सांगता येत, तर ते दोन शब्द गाळावेत, पान रिकामं वाटत नाही.

‘डॉट सर्टिफाइड’ची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्याकडे हा स्टिकर फार लोकप्रिय आहे. डॉट म्हणजे अमेरिकेचं वाहतूक खातं. तिथल्या मोटरसायकल हेल्मेटच्या मानकाचा क्रमांक २१८. अमेरिकी पद्धतीत सरकार विक्रीआधी हेल्मेट तपासून प्रमाणपत्र देत नाही. माझं हेल्मेट मानकात बसतं, असं उत्पादक स्वतःच जाहीर करतो आणि चिन्ह लावतो. सरकार बाजारातून नमुने उचलून नंतर तपासतं. म्हणून ‘डॉटने मान्य केलेलं’ हे वाक्य अमेरिकेतही चुकीचं ठरतं. खरं लेबल हेल्मेटच्या मागे असतं आणि त्यावर उत्पादकाचं किंवा ब्रँडचं नाव, मॉडेल, DOT, FMVSS No. 218 आणि CERTIFIED एवढं सगळं असावं लागतं. नुसती तीन अक्षरं असलेला चकचकीत स्टिकर कुठेही छापून मिळतो.

युरोपातली पद्धत उलट आहे. तिथे ईसीई २२ या नियमाखाली हेल्मेट बाजारात येण्याआधी चाचणी होऊन मंजुरी घ्यावी लागते. हनुवटीच्या पट्ट्यावर शिवलेल्या लेबलावर वर्तुळात E आणि एक आकडा असतो. तो आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा, १ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली. पुढे मंजुरीचा क्रमांक, त्याची सुरुवात 05 किंवा 06 अशी, म्हणजे नियमाची कुठली आवृत्ती ते कळतं. 06ची आवृत्ती नवी आहे आणि तिच्यात डोकं गरकन फिरवणाऱ्या तिरक्या आघाताची चाचणीही आहे. हेल्मेटला ही मंजुरी असेल तर जरूर लिहावी, पण पट्ट्यावरचा पूर्ण क्रमांक द्यावा आणि त्या लेबलाचा फोटो जोडावा. आणि भारतात विकताना ती आयएसआयच्या बदली चालत नाही, सोबत चालते. जर्मनीत राहणारा भाचा येताना चांगलं हेल्मेट घेऊन आला तर ते उत्तम असू शकेल. दुकानदाराने तसंच विनाआयएसआय आयात करून विकणं मात्र आदेशात बसत नाही.

‘अनब्रेकेबल’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो घेणाऱ्याच्या मनात हेल्मेटबद्दल उलटीच कल्पना भरवतो. बाहेरच्या कवचाच्या आत जो थर्माकोलसारखा जाड थर असतो तो चेपण्यासाठीच असतो. डोकं एकदम थांबण्याऐवजी त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात चेपत चेपत थांबतं आणि मेंदूला बसणारा हिसका कमी होतो. एकदा चेपलेला तो थर परत फुगत नाही. त्यामुळे एका अपघातानंतर हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी त्याचं काम झालेलं असतं. ‘अनब्रेकेबल’ वाचलेला माणूस तेच हेल्मेट पुढे वर्षानुवर्षं वापरतो. त्या जागी ‘एका जोरदार आघातानंतर बदला’ हे वाक्य लिहावं. ‘१०० टक्के सेफ’बद्दल एवढंच सांगतो की असं कुठलंच मानक म्हणत नाही. चाचणी ठरावीक वेगाने आणि ठरावीक जागी आदळून होते, रस्त्यावरचा अपघात त्या मर्यादेत राहीलच असं नाही.

आता ‘फ्री साइज’. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये फ्री साइज नावाची गोष्ट नाही. सैल हेल्मेट अपघातात डोक्यावर राहतच नाही, आणि राहिलंच तर फिरून भलत्या जागी जातं. तरी मापाच्या बाबतीत विक्रीपानं फार गलथान असतात. कारण एस, एम, एल ही अक्षरं सगळ्यांना माहीत असतात आणि ती सगळीकडे सारखी असतील असं गृहीत धरलं जातं. ती सारखी नसतात. आपल्याकडच्या नामांकित कंपन्यांतच एकीचं ५८ सेंटिमीटरचं हेल्मेट एम असतं आणि दुसरीचं ५८चं एल. जुनं हेल्मेट एल होतं म्हणून दुसऱ्या कंपनीचं एल मागवणाऱ्याला एक माप मोठं हेल्मेट मिळतं आणि ते त्याला आरामदायक वाटतं, हा त्यातला खरा धोका. म्हणून पानावर अक्षराच्या आधी सेंटिमीटर लिहावेत. हेल्मेटच्या आतल्या लेबलावर मिलिमीटरमध्ये माप छापलेलं असतं, ५८० म्हणजे ५८ सेंटिमीटर. तेही सांगावं, म्हणजे माल हातात आल्यावर गिऱ्हाइकाला ताडून बघता येईल.

डोकं मोजायचं कसं, हे लिहिताना नुसतं ‘डोक्याचा घेर मोजा’ पुरत नाही. घेर कुठून घ्यायचा, यावर माप दीड-दोन सेंटिमीटरने सहज हलतं आणि तेवढ्यात साइज बदलते. शिंप्याची कापडी टेप घ्यावी. नसेल तर न ताणणारी दोरी घ्यावी, खूण करून मग ती पट्टीवर मोजावी. सुताराची लोखंडी टेप डोक्यावर नीट बसत नाही. केस ज्या पद्धतीने हेल्मेटखाली राहणार त्याच पद्धतीने ठेवावेत. आंबाडा किंवा वर बांधलेला पोनीटेल सोडून वेणी खाली घ्यावी, कारण आंबाड्यावर बसलेलं हेल्मेट मुळात नीट बसलेलंच नसतं. टेप पुढे भुवयांच्या साधारण एक इंच वरून, बाजूंनी कानांच्या वरून आणि मागे डोक्याचा जो भाग सगळ्यात जास्त बाहेर आलेला असतो त्यावरून फिरवावी. स्वतः मोजताना टेप मागे मानेकडे घसरते आणि ते आपल्याला दिसत नाही, म्हणून घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगावं. टेप घट्ट असावी, रुतलेली नसावी. तीनदा मोजून सगळ्यात मोठं माप धरावं.

माप सेंटिमीटरमध्येच मागावं. आपल्याकडे इंचांत बोलायची सवय आहे, पण डोक्याच्या मापात अर्धा इंच म्हणजे सव्वा सेंटिमीटर आणि अनेक कंपन्यांच्या दोन साइजमध्ये फरकच एक-दोन सेंटिमीटरचा असतो. ‘साधारण तेवीस इंच’ असं लिहिणाऱ्याचं माप ५८ असू शकतं आणि ५९ही.

एक माप घेऊन बघू. एका कॉलेजच्या मुलीचं डोकं भरलं ५८.४ सेंटिमीटर. पानावरच्या तक्त्यात लिहिलंय एम ५७–५८, एल ५९–६०. तिने काय मागवायचं? तक्ता लिहिणाऱ्याने ५८ आणि ५९च्या मधली जागा मोकळी सोडली आहे आणि ही चूक मी वरचेवर पाहते. तक्ता असा लिहावा की कुठलंही माप दोन ओळींच्या फटीत पडणार नाही, ‘५७.० ते ५८.४’ आणि ‘५८.५ ते ५९.९’ असा. हे आकडे मनाने टाकू नयेत, त्या मॉडेलसाठी कंपनीकडून मागून घ्यावेत. आणि तक्त्यातला आकडा डोक्याच्या घेराचा आहे हेही लिहावं, नाहीतर कुणी घरातल्या जुन्या हेल्मेटचा आतला घेर मोजून मागवतं.

माप दोन साइजच्या हद्दीवर आलं तर आधी लहान साइज घालून बघावी, असं पानावर सांगावं. गालाकडच्या गाद्या काही आठवड्यांच्या वापराने थोड्या बसतात, आतला थर्माकोलचा थर मात्र बसत नाही. त्यामुळे नवं हेल्मेट गालांना घट्ट वाटणं चालतं, कपाळावर एकाच जागी टोचणं चालत नाही. घेर बरोबर असूनही तसं टोचत असेल तर डोक्याचा आकार आणि हेल्मेटचा आकार जुळत नाहीत. कुणाचं डोकं पुढून मागे लांबट असतं, कुणाचं जवळजवळ गोल. अशा वेळी मोठी साइज घेऊन भागत नाही, दुसरं मॉडेल बघावं लागतं.

माल घरी आल्यावर करायच्या दोन तपासण्याही पानावर द्याव्यात. पट्टा लावून डोकं डावी-उजवीकडे हलवावं. हेल्मेटबरोबर गालाची त्वचा हलायला हवी, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. मग पट्टा लावलेलाच ठेवून, मागून कवटीच्या तळाशी हात लावून हेल्मेट पुढे ढकलावं. ते निघून आलं तर माप मोठं आहे, मग ते कितीही सुखद वाटो. पंधरा मिनिटं घरातच घालून बसावं, चष्मा असेल तर चष्म्यासकट, आणि काढल्यावर कपाळावर लाल वळ उठलाय का ते आरशात बघावं. गाडीवर घालून फिरण्याआधीच परत करायचं की ठेवायचं ते ठरवावं. दुकानदारानेही परत आलेलं हेल्मेट पडलं-आपटलं नाही याची खात्री नसेल तर ते पुन्हा नवं म्हणून विकू नये आणि तसं धोरण पानावर लिहावं.

मुलांसाठी वेगळं लिहावं लागतं. चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी २०२२मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत तरतूद आली. मुलाच्या डोक्याला बसणारं स्वतःचं हेल्मेट हवं आणि ब्युरोचं मानक येईपर्यंत ठरावीक परदेशी मानकांचं सायकल हेल्मेटही चालेल, असं त्यात म्हटलं आहे. तेव्हा मुलांच्या हेल्मेटवर ‘वय ३ ते ८’ एवढंच लिहून भागत नाही. घेर सेंटिमीटरमध्ये आणि वजन ग्रॅममध्ये द्यावं. मोठ्यांचं हेल्मेट आत रुमाल कोंबून मुलाला घालू नये, हेही एका वाक्यात सांगावं.

हेल्मेटच्या शेजारी आता रायडिंग जॅकेटं आणि गार्डही विकली जातात. हेल्मेटचा आदेश त्यांना लागू नाही, त्यामुळे तिथे शब्दांचा सुकाळ आणखी मोठा. सगळ्यात जास्त दिसणारी ओळ म्हणजे ‘सीई सर्टिफाइड जॅकेट’. पुष्कळदा खांद्यात आणि कोपरात घातलेली संरक्षक गादी तेवढी प्रमाणित असते, जॅकेटचं कापड आणि शिवण कुणी तपासलेली नसते. रस्त्यावर घसरताना आधी फाटतं ते कापड, आणि कापड फाटलं की गादी जागेवर राहत नाही. म्हणून दोन्ही वेगळं लिहावं. गादीवर EN 1621-1 आणि लेव्हल १ किंवा २ असं उमटवलेलं असतं. लेव्हल २ची गादी शरीरापर्यंत कमी जोर पोचू देते. अख्खं जॅकेट तपासलेलं असेल तर आत शिवलेल्या लेबलावर मोटरसायकलस्वाराचं चित्र, EN 17092 आणि AAA, AA, A अशा वर्गांपैकी एक असतो. हे लेबल नसेल तर लिहावं, ‘खांदा व कोपराची गादी EN 1621-1 लेव्हल १, जॅकेट स्वतंत्रपणे प्रमाणित नाही.’ पाठीला बहुतेक वेळा नुसता स्पंज असतो. असेल तर तेही लिहावं. असं लिहून विक्री घटेल अशी भीती वाटते, पण जॅकेट चांगलं असेल तर घेणारा पाठीची गादी वेगळी घेतो.

तर आपल्या नाना पेठेतल्या दुकानदाराने हेल्मेटच्या पानावर शेवटी काय लिहावं? साधारण असं:

‘दुचाकीस्वारांसाठी फुल फेस हेल्मेट. आयएस ४१५१ : २०१५नुसार आयएसआय चिन्हांकित. ब्रँड अमुक, उत्पादक तमुक, परवाना उत्पादकाच्या नावावर. परवाना क्रमांक हेल्मेटच्या मागे आहे, फोटो क्रमांक ३ मोठा करून वाचा आणि BIS Care अॅपमध्ये Verify Licence Details इथे टाकून बघा. उत्पादकाचे नाव, मानक आणि परवाना चालू असणे, तिन्ही जुळले पाहिजे. कारखान्यानुसार क्रमांक बदलू शकतो, म्हणून तुमच्या हातात आलेल्या नगावरचा क्रमांकही तपासा, जुळला नाही तर पूर्ण पैसे परत. आतल्या लेबलावरचे माप ५८० मिमी, कंपनीच्या तक्त्यानुसार डोक्याचा घेर ५७.० ते ५८.४ सेंमी. उत्पादनाचा महिना व वर्ष फोटो क्रमांक ४मध्ये. जोरदार आघातानंतर हेल्मेट बदला.’

‘अमुक-तमुक’च्या जागी खरी नावं, क्रमांक अक्षरांतही टाइप केलेला आणि फोटो असा की आकडे फोनवर वाचता येतील. मागच्या चिन्हाचा एक फोटो, आतल्या लेबलाचा एक आणि खोक्यावरच्या छापील माहितीचा एक. मॉडेलने हेल्मेट काखेत धरून काढलेल्या पाच फोटोंपेक्षा हे तीन जास्त उपयोगाचे. नवा माल आला की ते पुन्हा काढावेत आणि दर काही महिन्यांनी क्रमांक अॅपमध्ये टाकून परवाना अजून चालू आहे ना, हे बघावं.

आणि घेणाऱ्यांना सांगणं एवढंच की पानावर परवान्याचा क्रमांक नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर आलं नाही, किंवा क्रमांकापुढे दुसऱ्याच कंपनीचं नाव आलं, किंवा परवाना चालू नसल्याचं दिसलं, तर पैसे भरू नका. हेल्मेट आधीच घरी आलं असेल तर त्याच BIS Care अॅपवरून तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.